आकृती हरवलेला लॉजिक गेटचा प्रश्न: उरलेल्या ट्रुथ टेबलवरून परिपथ कसा शोधायचा

झेरॉक्सची झेरॉक्स काढत काढत हातात आलेल्या सरावसंचात एक गोष्ट हमखास बिघडते, ती म्हणजे आकृती. अक्षरं कशीबशी वाचता येतात, टेबलाच्या रेघाही दिसतात, पण लॉजिक गेटच्या परिपथाच्या जागी एक काळपट डाग उरतो. आणि प्रश्न मात्र तोऱ्यात म्हणत असतो, "खालील आकृतीतील परिपथासाठी ट्रुथ टेबल पूर्ण करा."

बारावीच्या माझ्या एका विद्यार्थिनीकडे असाच एक प्रश्न आला होता. संध्याकाळी फोनवर म्हणाली, "मॅडम, आकृतीच आली नाहीये. हा प्रश्न सोडून देऊ ना?" मी म्हटलं, "अगं, आकृती नाही, पण टेबलात काय काय दिसतंय ते आधी वाचून दाखव." तिने वाचलं, मी लिहून घेतलं, आणि पाऊण तास आम्ही त्या एका प्रश्नावर होतो. तोच प्रश्न इथे पूर्ण सोडवून दाखवते, कारण कुठपर्यंत खात्रीने जाता येतं आणि कुठे थांबावंच लागतं, ही दोन्ही टोकं त्यात नीट दिसतात.

एक गोष्ट आधीच सांगते. हे सगळं घरच्या सरावासाठी आहे. प्रत्यक्ष परीक्षेच्या छापील पेपरात आकृती नसेल तर डोकं लढवत बसू नका, लगेच पर्यवेक्षकांना सांगा.

आधी पाहायचं: नेमकं काय उरलंय?

आकृती गेली म्हणजे सगळंच गेलं असं नाही. पण काय उरलंय त्यावर पुढचं सगळं ठरतं. फक्त "A आणि B इनपुट आहेत, Y काढा" एवढंच वाक्य उरलं असेल आणि टेबल कोरं असेल, तर तो प्रश्न सुटत नाही. दोन इनपुटच्या टेबलात चार रांगा असतात आणि प्रत्येक रांगेत Y एकतर 0 किंवा 1, म्हणजे एकूण १६ वेगवेगळी टेबलं होऊ शकतात. तीन इनपुट असतील तर आठ रांगा होतात आणि हाच आकडा २५६ वर जातो. यातलं एक टेबल अंदाजाने उचलणं म्हणजे सोडवणं नव्हे.

टेबलात मधले रकाने असतील, म्हणजे A, B आणि Y यांच्या मध्ये P, Q, R असे रकाने आणि त्यांत काही आकडे भरलेले असतील, तर मात्र चित्र पालटतं. मधला प्रत्येक रकाना म्हणजे एका गेटचं आउटपुट. त्या गेटचे इनपुट त्याच्या डावीकडच्या रकान्यांतूनच आलेले असणार. म्हणजे परिपथाची जोडणी टेबलातच दडलेली असते, ती एकेका रकान्यातून बाहेर काढायची.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रश्नाचं वाक्य. "फक्त नँड गेट वापरून", "चार गेटचा परिपथ" असे शब्द आपण एरवी डोळ्यांखालून घालतो आणि सोडून देतो. आकृती नसताना हे शब्द सोन्याच्या मोलाचे असतात. ते पेन्सिलने अधोरेखित करा.

कोणता आकडा किती बोलतो

प्रत्येक गेटच्या आउटपुटचे दोन आकडे सारखी माहिती देत नाहीत. बरीच मुलं इथेच चुकतात, कारण ती पहिल्या रांगेपासून क्रमाने भरत सुटतात.

नँड गेट घ्या. दोन्ही इनपुट 1 असतील तरच त्याचं आउटपुट 0 येतं. एक जरी इनपुट 0 असला तर आउटपुट 1. आता उलट वाचा. आउटपुट 0 दिसलं तर दोन्ही इनपुट 1 होते हे पक्कं कळलं. आउटपुट 1 दिसलं तर कळतं ते एवढंच, की निदान एक इनपुट 0 होता. कोणता, ते नाही. म्हणून नँडच्या परिपथात नेहमी 0 असलेल्या चौकटींपासून सुरुवात करायची. अँड गेटमध्ये 1 बोलका असतो, ऑरमध्ये 0 बोलका असतो, आणि नॉरमध्ये 1 (तो आला की दोन्ही इनपुट 0). एक्स-ऑर जरा वेगळा आहे. त्याचं आउटपुट फक्त इनपुट सारखे की वेगळे हे सांगतं, पण एक इनपुट आणि आउटपुट ठाऊक असेल तर दुसरा इनपुट दर वेळी नक्की निघतो.

आकृती अर्धवट दिसत असेल तेव्हाही याचा उपयोग होतो. झेरॉक्समध्ये सगळ्यात आधी गायब होतो तो गेटच्या टोकावरचा छोटा गोल, आणि नँड अँडसारखा दिसू लागतो. अशा वेळी त्या गेटच्या रकान्यातले 1 मोजा. A आणि B थेट जोडलेल्या अँडच्या रकान्यात चारपैकी एकच 1 असतो, तोही A आणि B दोन्ही 1 असलेल्या, म्हणजे 11 या रांगेत. नँडमध्ये तीन 1 असतात आणि 11 या रांगेत 0. तेव्हा 11 ची एक चौकट पाहिली की गोल होता की नव्हता हे कळतं. ऑर की नॉर हा प्रश्न असेल तर 00 ची रांग पाहा: ऑरमध्ये तिथे 0, नॉरमध्ये 1.

आता तो प्रश्न

वाक्य असं उरलं होतं: चार नँड गेटच्या परिपथात पहिल्या तीन गेटचे आउटपुट अनुक्रमे P, Q, R आहेत आणि शेवटच्या गेटचं आउटपुट Y आहे. Y चा रकाना कोणता? टेबलातले काही आकडे मुद्दाम रिकामे सोडलेले होते. तिथे मी प्रश्नचिन्ह टाकलं आहे.

```
A  B | P  Q  R  Y
0  0 | 1  1  ?  0
0  1 | 1  ?  0  ?
1  0 | ?  0  ?  1
1  1 | 0  1  ?  ?
```

पर्याय वरून खाली वाचायचे: (अ) 0, 1, 1, 0 (ब) 0, 1, 1, 1 (क) 0, 0, 1, 1 (ड) 1, 1, 1, 0.

सुरुवातीला दोन गोष्टी गृहीत धरून कागदावर लिहून ठेवल्या. एक, गेटचा क्रम P, Q, R, Y असाच आहे, म्हणजे प्रत्येक गेटला इनपुट त्याच्या आधीच्या रकान्यांतूनच मिळतो. दोन, कोणतंही गेट उगीच बसवलेलं नाही, त्याचं आउटपुट पुढे कुठेतरी जातं. दुसरी गोष्ट किती महत्त्वाची ठरते ते पुढे दिसेलच. गृहीतकं लिहून ठेवायचं कारण साधं आहे: शेवटी उत्तर चुकलं तर चूक विचारात होती की गृहीतकात, हे शोधता यावं.

P: हे पहिलं गेट, त्यामुळे त्याला A आणि B शिवाय दुसरं काही मिळू शकत नाही. तीनच शक्यता: दोन्ही पायांना A, दोन्ही पायांना B, किंवा एक A आणि एक B. दोन्ही पायांना B दिला तर 01 या रांगेत P चं 0 व्हायला हवं होतं, पण टेबलात 1 आहे. ती शक्यता गेली. दोन्ही पायांना A दिला तर रकाना होतो 1, 1, 0, 0. A आणि B दिले तर 1, 1, 1, 0. फरक फक्त 10 या रांगेत आणि नेमकी तीच चौकट रिकामी. इथे मुलं हमखास A आणि B असं धरून पुढे जातात. उत्तर बरोबर निघतं, पण कारण हातात नसतं. आपण दोन्ही शक्यता जिवंत ठेवू.

Q: या रकान्यातला बोलका आकडा म्हणजे 10 या रांगेतला 0. तिथे Q च्या दोन्ही इनपुटवर 1 आहे. आता P चे दोन्ही पाय A ला जोडलेले आहेत असं समजा. मग 10 या रांगेत A आहे 1, B आहे 0 आणि P सुद्धा 0. म्हणजे 1 असलेला एकटा A उरला, तेव्हा Q चे दोन्ही पाय A लाच जोडलेले असणार. पण तसं असतं तर 11 या रांगेतही Q चं 0 झालं असतं, आणि टेबल तर तिथे 1 सांगतंय. विसंगती आली. म्हणून ही शक्यता संपली. P हा A आणि B यांचाच नँड आहे, आणि 10 या रांगेतली P ची रिकामी चौकट 1 आहे. हे आता अंदाजाने नव्हे, कारणासकट ठरलं.

आता 10 या रांगेत A आणि P दोघंही 1 आहेत. दोन्ही पायांना A दिला तर 11 मध्ये अडचण येते, ते आत्ताच पाहिलं. दोन्ही पायांना P दिला तर 00 मध्ये Q चं 0 होतं, टेबलात 1 आहे. उरला एकच मार्ग: Q हा A आणि P यांचा नँड. त्याचा पूर्ण रकाना 1, 1, 0, 1.

R: इथे एकच आकडा दिलाय, 01 या रांगेत 0. नशिबाने तो बोलका आहे. त्या रांगेत B, P आणि Q हे तिघंही 1 आहेत. A मात्र 0 आहे, म्हणून A बाद. तिघांतून सहा जोड्या होतात: B-B, P-P, Q-Q, B-P, B-Q, P-Q. सहा म्हणजे जास्तच. पण आता Y ची मदत घेता येते. Y हे शेवटचं गेट, त्यामुळे R चं आउटपुट तिथेच जाणार (दुसरं गृहीतक). 00 या रांगेत Y चं 0 आहे, म्हणजे तिथे R चं 1 असलंच पाहिजे. आता 00 या रांगेत P आणि Q दोन्ही 1 आहेत, त्यामुळे P-P, Q-Q आणि P-Q या तिन्ही जोड्या तिथे R चं 0 देतात. तिन्ही कटल्या. उरल्या B-B, B-P आणि B-Q.

Y: एक इनपुट R हे ठरलंच. दुसरा इनपुट 00 या रांगेत 1 असायला हवा, तेव्हा तो P, Q, R यांपैकी एक. शिवाय 10 या रांगेत Y चं 1 आहे. तिथे तिन्ही जोड्यांत R चं 1 येतं, कारण B हा 0 आहे. मग दुसरा इनपुट त्या रांगेत 0 असलाच पाहिजे. P तिथे 1 आहे, R स्वतः 1 आहे, 0 असलेला फक्त Q. म्हणून Y हा Q आणि R यांचा नँड. इथपर्यंत आलो की तिन्ही शक्यता भराभर मांडता येतात:

```
R = B-P नँड : R = 1 0 1 1   Y = 0 1 1 0
R = B-Q नँड : R = 1 0 1 0   Y = 0 1 1 1
R = B-B नँड : R = 1 0 1 0   Y = 0 1 1 1
```

पहिली ओळ म्हणजे एक्स-ऑर. पुढच्या दोन्ही म्हणजे साधा ऑर. पर्याय (अ) आणि (ब) दोन्ही उभे राहिले!

(ड) तर सुरुवातीलाच बाद होता, कारण 00 मध्ये Y चं 0 टेबलातच दिलंय. (क) कसा बाद झाला ते मात्र बघण्यासारखं आहे. R हा Y ला जोडलेला आहे आणि 01 मध्ये R चं 0 आहे, म्हणून तिथे Y चं 1 येणारच. (क) मध्ये तिथे 0 आहे. आपलं दुसरं गृहीतक सोडून दिलं, म्हणजे R कुठेच जोडलेला नाही असं मानलं, तर Y हा P आणि Q यांचा नँड होऊन (क) जमतो. पण मग Y आणि A चा रकाना तंतोतंत एकच होतो. चार गेट लावून A जसाच्या तसा बाहेर काढणारा परिपथ प्रश्नात कुणी देईल असं वाटत नाही, म्हणून ते गृहीतक मला रास्त वाटतं.

इथे थांबायचं, आणि नेमकी चौकट विचारायची

फोनवर ती लगेच म्हणाली, "मॅडम, पुस्तकात चार नँडचा एक्स-ऑर दिलेला असतो, म्हणजे (अ) च ना?" तिचं म्हणणं खरं आहे. चार नँड गेटचा एक्स-ऑर ही अभ्यासक्रमातली नेहमीची आकृती आहे आणि परीक्षकाच्या मनात बहुधा तीच असणार. पण "बहुधा" आणि "ठरलं" यांत अंतर आहे. टेबलातल्या आकड्यांवरून (अ) सिद्ध होत नाही, हे वहीत स्वच्छ लिहायला मी तिला सांगितलं. उत्तरासमोर दोन शब्द लिहायचे: "टेबलावरून" किंवा "सवयीवरून". उजळणी करताना याचा फार फायदा होतो.

मग मी विचारलं, "तुझ्या मैत्रिणीकडे हाच संच आहे ना? तिला काय विचारशील?" ती म्हणाली, "आकृतीचा फोटो पाठव म्हणेन." फोटो आला तर उत्तमच. पण त्या मैत्रिणीच्या प्रतीतही आकृतीचा डागच होता. तिच्या टेबलात मात्र कुणीतरी आधी सोडवून आकडे भरून ठेवलेले होते. अशा वेळी कोणती एक चौकट विचारायची हे ठाऊक असलं पाहिजे. वरच्या तीन ओळी पुन्हा पाहा. तिन्हींत फरक फक्त 11 या रांगेत आहे. तेव्हा विचारायचं एवढंच: "11 मध्ये R किती?" उत्तर 1 आलं तर एक्स-ऑर, 0 आलं तर ऑर. त्याच रांगेतला Y विचारला तरी हेच कळतं, पण बाकी चौकटी विचारून काहीच नवं कळत नाही.

मैत्रिणीकडून उत्तर आलं, 1. आकडे भरणाराही चुकलेला असू शकतो, म्हणून तिचा पूर्ण रकाना आमच्या ओळीशी ताडून पाहिला. जुळला. उत्तर (अ).

प्रश्नाच्या वाक्यातला एखादा शब्दही हेच काम करू शकला असता. "P चं आउटपुट दोन गेटना जोडलं आहे" एवढं असतं तरी प्रश्न सुटला असता, कारण P दोन ठिकाणी जातो तो फक्त पहिल्या शक्यतेत. याउलट "A आणि B प्रत्येकी दोन गेटना जोडले आहेत" या वाक्याने काही साधलं नसतं. B-P आणि B-Q, दोन्हींत तसंच आहे. सुगावा दिसला की तो उरलेल्या शक्यता खरंच वेगळ्या करतो का, हे तपासायचं. वाचताना उपयोगी वाटणारं वाक्य बऱ्याचदा दोन्ही बाजूंना सारखंच लागू पडतं.

"परिपथ काढा" असं विचारलं असेल तर

कधी उलटा प्रश्न येतो: Y चा पूर्ण रकाना आहे, मधले रकाने नाहीत, आणि आकृती काढायची आहे. तेव्हा Y जिथे 1 आहे त्या रांगा घ्या, प्रत्येक रांगेसाठी एक अँड लिहा आणि सगळ्यांची बेरीज करा. आपल्या 0, 1, 1, 0 साठी रांगा 01 आणि 10, म्हणून

```
Y = A'B + AB'
```

यात दोन नॉट, दोन अँड आणि एक ऑर, मिळून पाच गेट लागतात. हे उत्तर बरोबर आहे, पण हरवलेली आकृती हीच होती असं मात्र कधी म्हणू नका. तिच्यात चार नँड होते, आणि बाहेरून दोन्ही परिपथ अगदी सारखे वागतात. टेबलातून मिळतो तो *एक* परिपथ. *तो* परिपथ मिळवायला मधले रकाने लागतात.

हाताने खात्री करायची असेल तर

ही सगळी कसरत प्रत्यक्ष मांडून पाहता येते, कारण 74HC00 या एकाच आयसीत नेमके चार नँड गेट असतात. आयसी ब्रेडबोर्डवर बसवा, १४ नंबरची पिन ५ व्होल्टला आणि ७ नंबरची ग्राउंडला. मग जोडणी अशी:

```
P : पिन 1 = A, पिन 2 = B,          आउटपुट पिन 3
Q : पिन 4 = A, पिन 5 = P (पिन 3),   आउटपुट पिन 6
R : पिन 9 = P (पिन 3), पिन 10 = B,  आउटपुट पिन 8
Y : पिन 12 = Q (पिन 6), पिन 13 = R (पिन 8), आउटपुट पिन 11
```

पिन 11 ला ४७० ओहमचा रेझिस्टर आणि त्यापुढे एलईडी लावून दुसरं टोक ग्राउंडला द्या. A आणि B च्या तारा 1 साठी ५ व्होल्टला, 0 साठी ग्राउंडला जोडायच्या. 0 हवा म्हणून तार नुसती लोंबकळत ठेवू नका. या आयसीत मोकळा इनपुट 0 वाचला जाईल की 1 याचा भरवसा नसतो, बोट जवळ नेलं तरी एलईडी लुकलुकू शकतो. एलईडी असा विनाकारण बदलताना दिसला तर परिपथावर संशय घेण्याआधी तारा तपासा.

आता A आणि B दोन्ही ५ व्होल्टला जोडा. एलईडी विझलेला असेल. मग पिन 9 ची एकच तार पिन 3 वरून काढून पिन 6 ला लावा. एलईडी लागतो. उरलेल्या तिन्ही रांगा पुन्हा तपासा, तिथे काहीही बदललेलं नसेल. त्या प्रश्नात आम्ही ज्या 11 या रांगेपाशी अडलो होतो, ती ही एक तार.